परताव्याचे १६४ दिवस

गेले दोन महिने एका रिफंडच्या मागे होतो. १४ नोव्हेंबरला पैसे खात्यात आले. हिशोब कसा मांडला ते सविस्तर लिहितोय, कारण अशा वेळी बहुतेक जण जे पत्र लिहितात ते वाचून मला वाईट वाटतं. "आम्ही तुमचे जुने ग्राहक, आमच्यावर अन्याय झाला" असं दोन पानं लिहितात, आणि करार कोणत्या तारखेला संपला हेच त्यात नसतं.

आमच्या ऑफिसातली दोन्ही झेरॉक्स मशिनं विकली. त्यांचा वार्षिक देखभालीचा करार १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ असा होता आणि वर्षाचे पैसे आगाऊ भरलेले. मशिनच नाही तर देखभाल कसली? २ सप्टेंबरला मी देखभाल करणाऱ्या कंपनीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "काळजी करू नका सर, मी वर सांगतो." मी निर्धास्त झालो. पंधरवडा गेला, कोणाचा फोन नाही. मग करार काढून नीट वाचला.

करार रद्द करण्याचं कलम चारच ओळींचं होतं. कोणत्याही पक्षाला कारण न देता करार संपवता येईल. त्यासाठी लेखी नोटीस द्यावी. नोटीस मिळाल्याच्या तारखेपासून ३० दिवसांनी करार संपेल. उरलेल्या दिवसांची रक्कम त्या प्रमाणात, करार संपल्यापासून ३० दिवसांत परत केली जाईल. नोटीस कोणत्या ईमेलवर पाठवायची तेही शेवटच्या पानावर होतं, आणि तो पत्ता आमचा रोजचा संपर्क असलेल्या माणसाचा नव्हता. म्हणजे माझा फोन करारापुरता झालाच नव्हता. त्याच दिवशी, १८ सप्टेंबरला, दिलेल्या पत्त्यावर मेल पाठवला आणि "मेल मिळाला" एवढं उत्तर मागून घेतलं. ते त्याच संध्याकाळी आलं. पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया ही एक ओळ.

दिवस मी बोटांवर मोजले. नोटीस मिळाल्याचा दिवस सोडून १९ सप्टेंबर हा पहिला दिवस, त्यामुळे तिसावा १८ ऑक्टोबर. १९ ऑक्टोबर ते ३१ मार्च म्हणजे १३, ३०, ३१, ३१, २८ आणि ३१, एकूण १६४ दिवस. वर्षाच्या रकमेला ३६५ ने भागायचं आणि १६४ ने गुणायचं. जवळपास ४५ टक्के.

त्यांचं उत्तर आलं की नोटीस पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून धरतो, परतावा पूर्ण महिन्यांचाच देतो, म्हणून पाच महिने. फरक तेरा दिवसांचाच, पण मला तो सोडायचा नव्हता. "आमची पद्धत अशी आहे" हे वाक्य करारात कुठेच नाही. दोघांनी सही केली ती करारावर, पद्धतीवर नाही. शिवाय बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं "भरलेली रक्कम परत मिळणार नाही" हे त्यांनी दाखवलं. हे वाचून अनेक जण माघार घेतात. पण आमच्या करारात एक कलम होतं, की बिल आणि करार यांत विसंगती असेल तर करार ग्राह्य धरावा. तुमच्या करारात असं कलम आहे का, ते आधी शोधा. नसेल तर हा मुद्दा इतका सरळ राहत नाही.

माझं दुसरं पत्र पाऊण पानाचं होतं. त्यातला गाभा असा:

"दि. १ एप्रिल २०२४ च्या करारातील रद्द करण्याच्या कलमानुसार आमची लेखी नोटीस आपणास दि. १८ सप्टेंबर रोजी मिळाली (आपली पोच सोबत जोडली आहे). त्यामुळे करार दि. १८ ऑक्टोबर रोजी संपुष्टात येतो. उर्वरित १६४ दिवसांची रक्कम दि. १७ नोव्हेंबरपर्यंत देय आहे. महिन्यांचे पूर्णांक करण्याची तरतूद करारात असल्यास कृपया कलम क्रमांक कळवावा."

शेवटचं वाक्य मी मुद्दाम घातलं. समोरच्याला खोटं म्हणायची गरज पडत नाही आणि उत्तर द्यायची जबाबदारी त्याच्याकडे जाते. कलम क्रमांक आला नाही. हिशोबाचा सुधारित कागद आला.

सुरुवातीला मशिन तपासणीचे वेगळे पैसे घेतले होते, ते मी मागितलेच नाहीत. ते परत न मिळणारे, असं करारातच लिहिलेलं आणि ते काम झालेलंही होतं. असली एक मागणी घुसडली की खऱ्या मागणीवरचा विश्वासही जातो, असं माझं ठाम मत आहे.

२ ते १८ सप्टेंबर या १६ दिवसांचे पैसेही मागितले नाहीत. तेव्हा माझ्याकडे फक्त फोन होता.