साखरेच्या गोळीनं पोट बिघडतं म्हणजे विष बाहेर पडतंय का?

"शुगरची गोळी चालू केली की मळमळ आणि जुलाब लागतात. याचा अर्थ एकच, गोळी म्हणजे विष आणि शरीर ते बाहेर फेकतंय. ही गोळी आधी आतडं, मग लिव्हर, शेवटी किडनी खाते. त्रास झाला की त्याच दिवशी गोळी बंद करा आणि काढा घ्या. पुढे पाठवा."

सांगलीत माझं मेडिकलचं दुकान आहे. हा मेसेज दाखवून अर्धी संपलेली स्ट्रिप परत करायला येणारी माणसं मी काउंटरवर पाहतो. गेल्या ऑक्टोबर छाटणीच्या हंगामात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार तात्या आले. "पोटात नुसतं ढवळतंय बघा भाऊ. दिवसातनं चारदा जायला लागतंय. ही गोळी घ्या परत." गोळी मेटफॉर्मिनची होती, ५०० मिलिग्रॅमची, साधी. त्यांचा त्रास शंभर टक्के खरा होता आणि तो गोळीमुळेच होता. मेसेजचं एवढं बरोबर आहे. चूक आहे ती कारणात आणि उपायात.

आधी विषाचं पाहू. शरीर नको असलेली वस्तू ढकलून देतं तसं इथे काही घडत नाही. मेटफॉर्मिन लहान आतड्यातून हळूहळू रक्तात जाते आणि पोटात गेलेल्या गोळीतलं साधारण निम्मंच औषध शोषलं जातं. उरलेलं आतड्यातच पुढे सरकतं. शिवाय आतड्याच्या अस्तरात हे औषध रक्तापेक्षा कितीतरी पट जास्त साठतं. साखर कमी करण्याचं तिचं काही काम तिथूनच चालतं, आणि त्रासही तिथेच होतो.

जुलाब का होतात, याचं सगळ्यात सोपं कारण पित्तात सापडतं. जेवण पचवायला यकृत पित्त सोडतं. त्यातले क्षार लहान आतड्याच्या शेवटच्या भागात परत शोषले जातात आणि पुन्हा वापरात येतात. मेटफॉर्मिन हे परत शोषणं कमी करते. मग ते क्षार मोठ्या आतड्यात उतरतात, तिथे पाणी ओढून घेतात आणि शौच पातळ होतं. दुसरं म्हणजे, आतड्याच्या अस्तरात सेरोटोनिन नावाचं द्रव्य असतं, ते आतड्याची हालचाल वाढवतं आणि मळमळही आणतं. मेटफॉर्मिनमुळे त्याचं प्रमाण वाढतं असं दिसतं. आतड्यातले जिवाणूही बदलतात. यातल्या कुणाचा वाटा किती, यावर संशोधन चालू आहे. पण यातलं प्रत्येक कारण औषधाचं काम आणि आतड्याची सवय यातलं आहे. आतडं खरवडलं जात नाही, की कुजतही नाही.

म्हणूनच हा त्रास बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. दहा जणांत दोघा-तिघांना तो जाणवतो. शंभरातल्या साधारण पाच जणांना मात्र ही गोळी खरंच सोसत नाही, त्यांना डॉक्टर दुसरं औषध देतात. विष असतं तर घेत राहिल्यावर त्रास वाढत गेला असता.

आता तात्यांचं नेमकं काय झालं ते सांगतो. चिठ्ठीवर लिहिलं होतं, पहिले आठ दिवस रात्री जेवताना एक, मग सकाळ-संध्याकाळ एकेक. तात्यांची उपाशीपोटीची साखर १९२ निघाली होती, घरचे घाबरले होते. त्यांनी विचार केला, साखर एवढी आहे तर पहिल्यापासनंच दोन घेऊ. त्यातली सकाळची गोळी ते पहाटे पाचला नुसत्या चहावर घ्यायचे, कारण नंतर फवारणीला बागेत जायचं असे. पोटात अन्न पडायला दहा वाजायचे. आतड्याला सवय व्हायच्या आधीच दुप्पट मात्रा, तीही रिकाम्या पोटी. तिसऱ्या दिवशी पोट सुटलं. आठव्या दिवशी मेसेज आला आणि गोळी बंद झाली. दहा दिवसांनी साखर २०४.

मी त्यांना परत त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी तीच मेटफॉर्मिन ५०० ची, पण सावकाश विरघळणारी दिली. स्ट्रिपवर नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर असं लिहिलेलं असतं ती. रात्री दोन घास खाऊन झाल्यावर गोळी, मग उरलेलं जेवण. दोन आठवडे एकच, नंतर वाढ. अन्नासोबत औषध हळू शोषलं जातं, आणि या गोळीतून ते सुटतंही हळू, त्यामुळे आतड्यावर एकदम भार पडत नाही. पहिले चार दिवस सकाळी एकदा पातळ झालं, मग थांबलं. महिन्यानं तात्या पुन्हा आले ते वेगळ्याच काळजीनं. "गोळी जशीच्या तशी पडली की हो!" काही कंपन्यांच्या अशा गोळ्यांचं रिकामं कवच शौचात दिसतं. आतलं औषध तोवर शरीरात गेलेलं असतं. मात्र ही गोळी फोडायची, कुटायची किंवा चावायची नाही, नाहीतर सगळं औषध एकदमच सुटतं.

लिव्हर-किडनीचं म्हणाल तर मेटफॉर्मिन यकृतात मोडली जात नाही. ती आहे त्याच रूपात लघवीवाटे बाहेर पडते, म्हणजे ती बाहेर काढायचं काम किडनीचं. किडनी आधीच कमजोर असेल तर औषध साठतं, म्हणून डॉक्टर क्रिएटिनिन बघतात. किडनीचा वेग सांगणारा ईजीएफआर ४५ च्या खाली असेल तर ही गोळी सहसा नव्यानं सुरू करत नाहीत, आणि ३० च्या खाली गेला तर बंद करतात. लोकांनी या नियमाचाच उलटा अर्थ लावला आहे. भीतीचं आणखी एक मूळ जुनं आहे. फेनफॉर्मिन नावाचं याच घराण्यातलं औषध रक्तात आम्ल वाढवतं म्हणून १९७० च्या दशकात अनेक देशांनी बंद केलं. मेटफॉर्मिनमध्ये तो धोका फार दुर्मीळ आहे.

एक गोष्ट मात्र स्ट्रिप उलटून वाचल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात. व्होग्लिबोज असेल तर गॅस आणि गुडगुड होते, पण कारण वेगळं. ते भात-भाकरीतला स्टार्च पचणं लांबवतं आणि न पचलेला भाग मोठ्या आतड्यात आंबतो. ग्लिमेपिराइड असेल तर न जेवता गोळी घेतल्यावर साखर एकदम खाली जाऊ शकते.

गोळी त्याच दिवशी थांबवायची वेळ खरंच येते, पण ती वेगळ्या लक्षणांवर. ताप आहे, शौचातून रक्त जातंय, उलट्या थांबत नाहीत, पाणीही पोटात टिकत नाही, लघवी कमी झाली आहे, यांतलं काही असेल तर तो नेहमीचा सुरुवातीचा त्रास नव्हे. अशा वेळी शरीरातलं पाणी कमी होतं, किडनीचा वेग मंदावतो आणि औषध साठायला लागतं. मेटफॉर्मिनचा पुढचा डोस घेऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. काढ्यावर दोन दिवस काढू नका. इन्सुलिन चालू असेल तर ते मात्र स्वतःहून बंद करू नका. आणि वर्षानुवर्षं गोळी सोसलेल्या माणसाला अचानक जुलाब लागले तर आधी बघा, मात्रा वाढली का, स्ट्रिप बदलली का. तसं काही नसेल, तर कारण गोळीबाहेरही असू शकतं आणि ते तपासायला हवं.