पोटरीतला गोळा आणि ‘दबलेली नस’

“चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो, म्हणजे मणक्यात नस दबलीय. एमआरआय काढा, दिसेलच. आणि चालणं बंद करा.”

आधी ‘थांबलं की जातो’ हे नीट विचारायला हवं. थांबून काय केलं? नुसतं उभं राहून दोन-पाच मिनिटांत पोटरी मोकळी झाली, तर संशय पायाच्या धमनीवर घ्यावा. चालताना स्नायूला जास्त रक्त लागतं, अरुंद धमनीतून ते पुरत नाही. पाय थांबला की मागणी उतरते. बसायची गरज पडत नाही. असा गोळा बहुधा ठरावीक अंतरावर येतो, चढावर लवकर येतो.

मज्जातंतू ज्यातून जातात ती मणक्याची नळी अरुंद असेल तर उभं राहणंच त्रासाचं असतं. ताठ उभं राहिलं की कण्यातले अस्थिबंध आत दुमडतात आणि नळी आणखी आवळते. बसलं किंवा पुढे वाकलं की ती थोडी खुलते. म्हणून हे रुग्ण ढकलगाडीवर रेलून लांब चालतात, त्यांना चढापेक्षा उतार जड जातो आणि सायकल बहुधा चालते. धमनीच्या रुग्णाला वाकून सायकल मारतानाही पाय भरून येतो. आपण रक्तवाहिनीलाही नस म्हणतो आणि मज्जातंतूलाही. निम्मा घोटाळा मला तिथेच दिसतो.

एमआरआयचं म्हणाल तर साठीनंतर काहीही त्रास नसलेल्या अनेकांच्या मणक्यातही अरुंदपणा दिसतो. अहवालात तो आला म्हणून पोटरीचं दुखणं त्याचंच, असं होत नाही. त्याआधी घोट्याचा रक्तदाब मोजावा. समजा, धूम्रपान करणाऱ्या एका गृहस्थांचा दंडाचा वरचा दाब १४० आहे, डाव्या घोट्याचा १४७ आणि दुखऱ्या उजव्या घोट्याचा ८४. घोट्याच्या दाबाला दंडाच्या दाबाने भागलं की डावीकडे १.०५ येतं, उजवीकडे ०.६०. ०.९० किंवा त्याहून कमी म्हणजे धमनी अरुंद. एमआरआयमध्ये काहीही दिसो, या उजव्या पायाला रक्त कमी पोचतंय. मात्र आकडा ०.९० च्या वर असला तरी लक्षणं बोलकी असतील, तर चालवून पुन्हा मोजावं लागतं, कारण बसल्या जागी पुरणारं रक्त चालताना कमी पडू शकतं. जुन्या मधुमेहात धमन्या कडक होऊन आकडा फसवा, जास्त येतो; तिथे पायाच्या अंगठ्याचा दाब बघतात. आणि दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात.

चालणं बंद करायचा सल्ला मला सगळ्यात जास्त खुपतो, कारण धमनीच्या दुखण्यात चालणं हाच उपचाराचा मोठा भाग आहे. दुखणं मध्यम होईपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. असं ३० ते ४५ मिनिटं, आठवड्यातून निदान तीनदा, १२ आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सोबत तंबाखू सोडणं आणि डॉक्टरांनी दिलेली औषधं. पण पाऊल रात्री पडल्या पडल्या दुखत असेल, खाली लोंबतं सोडल्यावर बरं वाटत असेल किंवा बोटावरची जखम भरत नसेल, तर व्यायामाच्या आधी रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला दाखवा. पाय अचानक गार, पांढरा पडला किंवा लघवी अडून बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.