चोराला आधी रस्ता पाठ होतो, मग घर दिसतं

चोर बहुधा आपल्या रोजच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यालगतच चोरी करतो असं मी म्हटलं, तर एका दादांनी विचारलं, "हे कॅनडातलं शास्त्र आपल्या संभाजीनगरात काय कामाचं? रोजच्या रस्त्यावर चोरी करायला चोर येडा आहे का, लगेच ओळखतील की. चोऱ्या करणारे सगळे बाहेरचेच असतात."

दादा, ओळखलं जायची भीती चोराला असतेच, अन् कॅनडातले गुन्हेशास्त्रज्ञ पॅट्रिशिया आणि पॉल ब्रँटिंगहॅम यांनी ती धरूनच ही मांडणी केलीय. म्हणून तो स्वतःच्या गल्लीत सहसा हात घालत नाही, अन् लई लांबही जात नाही कारण तिकडचं त्याला काही माहीतच नसतं. मधला जो पट्टा उरतो, खरा धोका तिथं.

समजा एक जण रोज बाईकवर वाळूजला शिफ्टला जायलाय. खोली, कंपनीचं गेट, येताना चहाची टपरी अन् त्यांना जोडणारे दोन-तीन रस्ते, एवढंच शहर त्याच्या ओळखीचं. टपरीवरून समोरची कॉलनी दिसते, एका गेटात तीन दिवसांचे पेपर तसेच पडलेत, व्हरांड्यातला लाईट भर दुपारी चालू, स्कुटी जागची हललेली नाही. तो टेहळणीला आलेला नसतो, चहा प्यायलाच आलेला असतो, पण पैशाची नड आली की हीच कॉलनी आठवते. मग टपरीसमोरचं घर तो सोडतो, तिथं त्याला तोंडओळखीनं ओळखतात, अन् कॉलनी संपून मोकळे प्लॉट सुरू होतात त्या कडेची लाईन बघतो. तिथं नवा माणूस दिसला तरी प्लॉट बघायला आला असंल म्हणून कुणी हटकत नाही. आतल्या गल्लीत मात्र ओट्यावरची आजीच विचारती, कोणाकडं आलास रे बाबा? अमेरिकेतल्या टॅलाहासी शहरातल्या घरफोड्या तपासताना ब्रँटिंगहॅम यांना हेच दिसलं होतं, वस्तीच्या आतल्या भागापेक्षा कडेला जास्त.

बाहेरच्या टोळ्या येतात, मान्य. पण रेकी म्हणजे तरी काय, मुक्कामाची जागा, जेवायचा ढाबा, पळायला बायपास, म्हणजे चार दिवसांत तेही इथं आपले रस्ते तयार करतात. फक्त अशा केसमधे चोऱ्यांच्या नकाशावरून चोराचं राहतं घर शोधायला गेलात तर फसाल, कारण ते या नकाशात नसतंच. व्हँकुव्हर पोलिसातल्या किम रॉस्मो यांनी नकाशावरून घर शोधायची ही पद्धत बसवली, तिला एकाच माणसाच्या पाचेक घटना तरी लागतात. अन् टपरीवर चहा पिणाऱ्या प्रत्येकावर संशय घ्या असं मी कुठंच म्हटलेलं नाही, त्याच रस्त्यानं हजारो माणसं कामाला जातात.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. लोक शुक्रवारी गावाला जातात, सोमवारी कुलूप तुटलेलं बघतात अन् तक्रारीत फक्त सोमवार सांगतात. कुलूप शेवटचं धड कधी पाहिलं तेही सांगा, दूधवाल्याला, शेजाऱ्याला विचारून ती वेळ जेवढी आवळता येईल तेवढी आवळा. वेळ पहाटेची निघाली तर त्या रस्त्यानं जाणारी माणसं वेगळी, दुपारची निघाली तर वेगळी.