चिकटलं म्हणून शब्दयोगी होत नाही

“शब्दाला चिकटून लिहिलंय? डोळे झाकून शब्दयोगी. सुटं लिहिलंय? उभयान्वयी. पण, की, शिवाय, म्हणून हे चार तर कुठेही दिसोत, उभयान्वयीच. आणि खात्री हवी असेल तर आधीचा शब्द बघा. त्याचं सामान्यरूप झालं असेल तरच शब्दयोगी. एवढ्यावर मार्क पक्के!”

अव्यय कोणतं हे ओळखायची युक्ती म्हणून सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांपासून घरच्या ग्रुपपर्यंत हा संदेश फिरतोय: एखाद्या शब्दाला जोडून त्याचा वाक्याशी संबंध दाखवणारं शब्दयोगी, की दोन शब्द किंवा वाक्यं जोडणारं उभयान्वयी. नियम तीन-चारच आहेत, आणि प्रत्येकात थोडं खरं आहे. पंचाईत तीच आहे. सगळंच खोटं असतं तर कुणी पुढे पाठवलंच नसतं.

चिकटण्यापासून सुरुवात करू. पुण्यात निम्म्या फाटकांवर पाटी असते: ‘दारा समोर वाहने लावू नयेत.’ रंगाऱ्यानं ‘दारा’ आणि ‘समोर’ यांच्यात बोटभर जागा सोडली, म्हणून ‘समोर’ काही उभयान्वयी झालं नाही. ते कोणत्याही दोन गोष्टी जोडत नाही. वाहनं कुठे लावायची नाहीत एवढंच ते सांगतं, आणि त्यासाठी त्याला ‘दार’ लागतं. फोनवर टाइप करतानाही हेच होतं. सुचवलेल्या शब्दावर बोट ठेवलं की पुढे आपोआप जागा सुटते आणि ‘झाडा खाली’, ‘डब्या शिवाय’ असं तयार होतं. ही लेखनातली चूक आहे, शब्दाची जात त्यानं बदलत नाही. ओळखायची खूण सोपी आहे: ‘दारा’, ‘झाडा’, ‘डब्या’ ही सामान्यरूपं, म्हणजे पुढे काही जोडण्याआधी बदललेली रूपं, मराठीत एकटी उभी राहू शकत नाहीत. असा लंगडा शब्द दिसला की त्याच्या पुढचं त्याचंच आहे असं समजावं. (‘दाराच्या समोर’ असं लिहिलं तरी ‘समोर’चं काम तेच राहतं, ‘दारासमोर’ म्हणून बघा, अर्थ हलत नाही.)

आता याची दुसरी बाजू. शब्द सुटा असला तर तो उभयान्वयीच कशावरून? ‘तो खाली बसला’ यात ‘खाली’ सुटं आहे, पण जोडायला दुसरं काही नाहीच. ते बसण्याची जागा दाखवतं, म्हणजे क्रियाविशेषण. ‘तो झाडाखाली बसला’ म्हटलं की तेच शब्दयोगी. आणि चिकटलेलं सगळं शब्दयोगी धरलं तर ‘बालपण’मधल्या ‘पण’चं काय करणार? तो नाम बनवणारा प्रत्यय आहे. ‘मीपण’ हा शब्द तर गमतीचाच आहे. ‘मीपण येतो’ यात ‘पण’ म्हणजे ‘सुद्धा’. ‘मीपण सोड’ यात मात्र ‘मीपण’ म्हणजे अहंकार, अख्खं एक नाम. अक्षरं तीच, चिकटणंही तेच. फरक कळतो तो प्रत्यय लावून पाहिल्यावर: ‘मीपणाने वाटोळं झालं’ असं म्हणता येतं, पण ‘सुद्धा’च्या अर्थाचा ‘पण’ असा कधी चालत नाही.

त्या चार शब्दांपैकी ‘पण’ सर्वांत जास्त फसवतो, कारण ‘मी पण येतो’ असं सुटं लिहिण्याची सवय आता सगळ्यांनाच आहे. तिथे बदली करून पाहावी. ‘त्यानं पण सांगितलं, पण मी ऐकलं नाही.’ पहिल्या ‘पण’च्या जागी ‘सुद्धा’ बसतं, ‘परंतु’ बसत नाही, ते शब्दयोगी. दुसऱ्याच्या जागी ‘परंतु’ बसतं, ‘सुद्धा’ बसत नाही. ते उभयान्वयी, न्यूनत्वबोधक. आणि ‘भीष्मांनी कठोर पण केला’ यात दोन्ही बसत नाहीत, ‘निश्चय’ बसतो. ते सरळ नाम. हाच प्रकार ‘म्हणून’चा. ‘पाऊस आला म्हणून सामना थांबला’ यात परिणाम आहे, तिथे ते उभयान्वयी. ‘आजी स्तोत्र म्हणून उठली’ यात ते ‘म्हणणे’ या क्रियापदाचं रूप आहे आणि ‘वाचून’, ‘गाऊन’ यांच्या पंगतीत बसतं. ‘की’ थोडा सोपा आहे. ‘चहा की कॉफी?’मध्ये तो विकल्प दाखवतो, ‘ती म्हणाली की उशीर होईल’मध्ये पुढच्या वाक्याचं स्वरूप सांगतो आणि ‘शिट्टी झाली की गॅस बंद कर’मध्ये अट घालतो. तिन्ही उभयान्वयीच. पण ‘बसा की!’ यातल्या ‘की’च्या पलीकडे काहीच नाही. तिथे तो नुसता आग्रह आहे.

‘शिवाय’ मात्र जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण तिथे सुटं की जोडून या प्रश्नावर अर्थच उलटतो.

‘त्यानं डबा, शिवाय पाण्याची बाटली घेतली.’
‘त्यानं डब्याशिवाय फक्त पाण्याची बाटली घेतली.’

पहिल्यात दोन वस्तू पिशवीत गेल्या. दुसऱ्यात डबा घरीच राहिला. पहिल्या ‘शिवाय’च्या जागी ‘आणि’ ठेवता येतं, म्हणून ते उभयान्वयी, समुच्चयबोधक. दुसऱ्यानं ‘डबा’चा ‘डब्या’ केला, म्हणून ते शब्दयोगी. पाठ केलेली यादी इथे हमखास तोंडघशी पाडते.

आता सामान्यरूपाचं. संदेशातली ही खूण सगळ्यांत विश्वासार्ह वाटते आणि पुण्यातच पहिल्यांदा तुटते. स्वारगेटपासून कात्रजपर्यंत, कोथरूडमध्ये, पर्वतीखाली, मंडईजवळ. यांत एकाही नावाचं रूप बदललेलं दिसत नाही, तरी पासून, पर्यंत, मध्ये, खाली, जवळ ही सगळी शब्दयोगीच आहेत. ‘पर्वती’, ‘मंडई’ यांसारख्या ईकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचं एकवचनी सामान्यरूप मूळ शब्दासारखंच राहतं. स्वारगेट, कात्रज ही नावं बोलण्यात तशीच्या तशी ठेवली जातात. ‘आजपासून’, ‘उद्यापर्यंत’ यांत तर आधी नामच नाही, तरी अव्यय शब्दयोगीच.

अशा वेळी नजरेला दिसत नसलेलं सामान्यरूप दिसायला लावायचं. आधीच्या शब्दाऐवजी ‘डबा’ ठेवा. रूप हटकून बदलणारा तो शब्द आहे. ‘कात्रजपर्यंत’ऐवजी ‘डब्यापर्यंत’: बदल दिसला, नेहमीचं शब्दयोगी. ‘कात्रजसुद्धा’ऐवजी ‘डबासुद्धा’: बदल नाही. म्हणून ‘सुद्धा’ बाद? नाही. च, ही, पण, सुद्धा, देखील, मात्र यांना व्याकरणाच्या पुस्तकांत ‘शुद्ध शब्दयोगी अव्यये’ असं वेगळं नाव आहे, ते याचसाठी: ती शब्दाला जोडून येतात, पण त्याचं सामान्यरूप करत नाहीत. त्यांची आणखी एक खोड आहे. ती विभक्तीच्या प्रत्ययानंतरही बसतात. ‘डब्यालासुद्धा’, ‘डब्यातच’ म्हणता येतं. ‘डब्यालापर्यंत’, ‘डब्यातसाठी’ कुणीच म्हणणार नाही. भाषाविज्ञानाची मंडळी यांना शब्दयोगी न म्हणता ‘निपात’ म्हणतात, आणि आमच्या मते ते जास्त बरोबर आहे. पण परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पाठ्यपुस्तकाचंच नाव लिहावं.

‘डबा’ बसत नसेल तर अनेकवचन करून पाहावं. साहित्य महामंडळाच्या १९६२च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे अनेकवचनी सामान्यरूपावर शब्दयोगी लागताना अनुस्वार येतो: घरांपुढे, मुलांसाठी, टेकड्यांवर. ‘टेकडीवर’मध्ये जे लपलं होतं ते इथे टिंबानं उघड केलं.

संदेशात जे अजिबात नाही, आणि ज्यावर प्रश्न खरे अडतात, ते वेगळंच आहे. शब्दयोगीसुद्धा दोन घटना जोडल्यासारखं दाखवू शकतं.

‘पाऊस पडला म्हणून सामना थांबला.’
‘पाऊस पडल्यामुळे सामना थांबला.’

अर्थ एकच. पण पहिल्यात ‘पडला’ आणि ‘थांबला’ ही दोन पूर्ण क्रियापदं आहेत, दोन्ही बाजू वेगळ्या वाक्यांसारख्या उभ्या राहतात. दुसऱ्यात ‘मुळे’नं ‘पडला’चा कणा काढून घेतला आणि ‘पडल्या’ केलं. ‘पाऊस पडल्या’ असं वाक्य होत नाही. राहिलं एकच क्रियापद, म्हणून हे केवलवाक्य. ‘येईपर्यंत’मध्ये हे लवकर ध्यानात येत नाही, कारण ‘येई’ क्रियापदासारखं दिसतं. तिथे कर्ता बदलून पाहायचा: मी येईपर्यंत, तू येईपर्यंत, ते येईपर्यंत. रूप हलत नाही. खरं क्रियापद असतं तर येईन, येशील, येतील असं झालं असतं.

एक वाक्य पूर्ण सोडवू, संदेशांत लिहितात तशाच लेखनासह:

‘पाऊस थांबे पर्यंत आम्ही छपराखाली उभे होतो, पण डेक्कनची बस दिसली म्हणून दादा पळाला आणि मी पण त्याच्या मागे पळाले.’

आधी पूर्ण क्रियापदं मोजा: उभे होतो, दिसली, पळाला, पळाले. चार. ‘थांबे’ मोजायचं नाही, कर्त्याप्रमाणे ते बदलत नाही. चार वाक्यं सांधायला तीन सांधे लागतात, म्हणजे उभयान्वयी तीन मिळायला हवीत. पहिलं ‘पण’ (परंतु बसतं), ‘म्हणून’ आणि ‘आणि’. झाली तीन. दुसऱ्या ‘पण’ला आता जागाच उरली नाही, ‘मीसुद्धा’ करून पाहिलं की तेही पटतं. राहिले पर्यंत, खाली, मागे आणि हा दुसरा ‘पण’: चारही शब्दयोगी. संदेशातल्या युक्तीनं गेलात तर फक्त ‘छपराखाली’ शब्दयोगी ठरतं, बाकी सहाच्या सहा उभयान्वयी. म्हणजे सातांत तीन चुका.

या मोजणीला दोन पथ्यं आहेत. ‘जर-तर’, ‘जरी-तरी’ ही जोडी मिळून एकच सांधा धरायची. आणि उभयान्वयी नुसते शब्दही जोडतं: ‘मुळा आणि मुठा संगमावर मिळतात’ याची दोन वाक्यं करून बघा, ‘मुळा संगमावर मिळते’ हे अर्धवट राहतं. क्रियापद एक आहे, म्हणून तिथला ‘आणि’ मोजणीत धरू नका. तरी तो उभयान्वयीच.