वक्फ-अलल-औलाद: फिरणाऱ्या नमुन्याने घर वाचत नाही

वक्फनाम्याच्या फिरणाऱ्या नमुन्यांसोबत असा सल्ला दिला जातो: «मुस्लिम माणसाने घर वक्फ-अलल-औलाद केले की ते कायमचे खानदानात राहते. स्टॅम्प पेपरवर लिहा, नोटरी करा, बस्स. मरेपर्यंत मालक तुम्हीच. मुलींना वाटा द्यावा लागत नाही, सावकार घराला हात लावू शकत नाही, वक्फ बोर्डाचा संबंध नाही. पुढे गरज लागली तर मुले घर विकू शकतात.»

यातले पहिले वाक्य अर्धे खरे आहे, म्हणूनच बाकीचे खपते. वक्फ-अलल-औलाद, म्हणजे मिळकत कायमची बांधून तिचे उत्पन्न आधी स्वतःच्या मुलाबाळांना देणे, भारतात कायदेशीर आहे. मुंबई उच्च न्यायालयात १८८१ साली न्या. वेस्ट यांनी फातमाबीबीच्या खटल्यात असा वक्फ मान्य केला होता: शेवटचा लाभ कधीही न संपणाऱ्या धर्मकार्याला जात असेल, तर मधल्या काळात मुलांना उत्पन्न दिल्याने वक्फ बिघडत नाही. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, बंगालमधल्या अबुल फता यांच्या खटल्यात उलटा निकाल दिला. गरिबांचा वाटा फार लांबचा आणि केवळ दाखवण्यापुरता आहे, असे म्हणून त्यांनी तो वक्फ रद्द ठरवला. त्यावर देशभर ओरड झाली आणि जिनांनी मांडलेल्या विधेयकातून १९१३ चा मुसलमान वक्फ वैधता कायदा आला. कौटुंबिक वक्फ आजही त्याच कायद्याच्या आधारावर उभा आहे. त्याची अट एकच, पण ती सोडता येत नाही: वंश संपल्यावर उत्पन्न गरिबांना किंवा कायमस्वरूपी धर्मकार्याला गेले पाहिजे, आणि हे दस्तात स्पष्ट लिहिलेले तरी असावे किंवा त्यातून निघावे तरी.

«मालक तुम्हीच» ही चूक सगळ्यात महाग पडते. वक्फ झाला त्या क्षणी वाकिफची, म्हणजे वक्फ करणाऱ्याची, मालकी संपते. तो स्वतः मुतवल्ली राहू शकतो, म्हणजे कारभार पाहू शकतो. पण आपणच केलेल्या वक्फात त्याला राहता येईल का, हे तो कोणत्या मजहबचा, म्हणजे मुस्लिम कायद्याच्या कोणत्या पंथाचा आहे, यावर ठरते. १९१३ च्या कायद्याने हयातभर स्वतःच्या निर्वाहाची किंवा आपले कर्ज उत्पन्नातून फेडण्याची सोय ठेवायची मुभा फक्त हनफी मुसलमानाला दिली आहे. फिरणारे नमुने बहुतेक उत्तरेतले, हनफी घरांसाठी लिहिलेले असतात आणि त्यांत «मी हयात असेतो याच घरात राहीन» हे कलम हमखास असते. कोकणी मुसलमान मात्र बहुसंख्य शाफई आहेत. रत्नागिरी किंवा रायगडमधल्या शाफई माणसाने तोच नमुना उतरवला, तर त्याने स्वतःवरच वक्फ केल्यासारखे होते आणि शाफई मतात ते चालत नाही. खोजा, बोहरा वगैरे शिया घरांतही स्वतःचा लाभ राखता येत नाही. तिथे आणखी एक अडचण आहे: ताबा मुतवल्लीकडे प्रत्यक्ष सोपवल्याशिवाय वक्फ पुरा होत नाही. मुंबईतल्या मेमन कुटुंबाला जे कलम लागू पडते ते शेजारच्या खोजा कुटुंबाला पडेलच असे नाही. वकिलाने पहिला प्रश्न मजहबचाच विचारला पाहिजे. तो विचारत नसेल तर वकील बदला.

मुलींचा मुद्दा २०२५ पासून सरळच बदलला आहे. पूर्वी हयातीत केलेल्या वक्फावर एक-तृतीयांशाची मर्यादा नव्हती, त्यामुळे सगळे घर फक्त मुलांच्या नावे बांधणारे वक्फनामे सर्रास होत. ही मर्यादा मृत्युपत्राने केलेल्या किंवा मरणाच्या आजारात केलेल्या वक्फालाच लागते. वारसांची संमती नसेल तर तिथे एक-तृतीयांशापलीकडे वक्फ चालत नाही. ८ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या वक्फ कायद्याच्या दुरुस्तीचे कलम ३अ म्हणते की वक्फ-अलल-औलादमुळे वारसांचा, स्त्री-वारसांसह, वारसाहक्क नाकारला जाता कामा नये. म्हणून मुली वगळणारा नवा दस्त जन्मतःच वादात सापडतो.

मग काहीजण मुलीकडून बापाच्या हयातीतच हक्कसोडपत्र लिहून घेतात. मुस्लिम कायद्यात जिवंत माणसाच्या मालमत्तेत वारसाचा हक्क उपजलेलाच नसतो, त्यामुळे तो सोडताही येत नाही. मुलीने त्याबदल्यात खरोखर मोबदला घेतला असेल, तर नंतर तिला हात वर करता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली सांगितले आहे. पण भावनेच्या भरात घेतलेली नुसती सही कामाची नाही.

सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे दस्तातले वाटे वारसाहक्कापेक्षा कमी न ठेवणे. चिपळूणमधल्या एका घराचे उदाहरण घेऊ. खाली चार खोल्या, वर भाड्याच्या दोन, प्रत्येकी महिना ६,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,०००. घरपट्टी, कौले, रंग, पाण्याची टाकी यांवर ४४,००० गेले तर १,००,००० उरतात. मागे बायको, दोन मुलगे आणि एक मुलगी. वारसाहक्काने बायकोला एक-अष्टमांश, म्हणजे १२,५००. उरलेले ८७,५०० मुलामुलीत दोनास एक: प्रत्येक मुलाला ३५,००० आणि मुलीला १७,५००. मुलीला याहून जास्त, अगदी मुलांइतके द्यायचे असेल, तरी त्यामुळे बायकोचा किंवा मुलाचा वाटा वारसाहक्काखाली जात नाही ना, हे मोजून पाहावे लागते.

पण घर म्हणजे नुसते भाडे नव्हे, आणि नमुन्यांतली सर्वात मोठी पोकळी इथेच असते. «माझी औलाद या घराचा लाभ घेईल» एवढेच लिहिलेले असते. राहण्याचा हक्क आणि उत्पन्नाचा हक्क हे दोन वेगळे हक्क आहेत. हनफी फिक्हप्रमाणे, म्हणजे धर्मशास्त्राप्रमाणे, ज्याला फक्त राहण्याचा हक्क आहे त्याला घर भाड्याने देता येत नाही. आणि दुरुस्ती त्यानेच करायची. तो करत नसेल किंवा त्याची ऐपत नसेल, तर काझी ते घर भाड्याने देतो, त्या पैशातून दुरुस्ती करतो आणि मग घर त्याला परत देतो. आज काझीच्या जागी न्यायालय किंवा वक्फ न्यायाधिकरण आहे, म्हणजे छत गळायला लागल्यापासून आदेश येईपर्यंत पावसाळे जातात. म्हणून दस्तात लिहावे: खालच्या खोल्यांत कोण राहील, न राहणाऱ्यांना राहणाऱ्यांनी काय द्यायचे, भाड्यातून आधी दुरुस्ती आणि कर, मग वाटप, मुतवल्ली वारला तर पुढचा कोण. दुरुस्तीचा खर्च उत्पन्नातून सर्वांत आधी, हा नियम दस्त गप्प असला तरी लागू असतोच, पण लिहिलेले असले की भांडण कमी होते.

पुढच्या पिढीत गणित बदलते. वरच्या घरात एका मुलाला १ अपत्य, दुसऱ्याला ४, मुलीला ३ असतील. शाखेनुसार वाटले तर एकुलत्या नातवाला बापाचा पूर्ण वाटा. डोईवार वाटले तर आठही नातवंडे सारखी. «बतनन बाद बतनन», म्हणजे पिढीमागून पिढी, असे लिहिले आणि एक मुलगा आधी वारला, तर त्याची मुले काका-आत्या हयात असेपर्यंत बाहेर राहण्याचा धोका असतो. म्हणून «बापाच्या मृत्यूनंतर त्याचा वाटा त्याच्या अपत्यांना» हे वाक्य वेगळे हवे. या ओळीच्या अभावी नातवंडांचे कितीतरी दावे न्यायालयांत गेले आहेत.

कर्जाचे थोडक्यात सांगता येते. घर आधीच गहाण असेल तर गहाण तसेच राहते, वक्फ त्याच्या मागून येतो. सावकारांना चुकवण्यासाठी केलेला वक्फ ते रद्द करून घेऊ शकतात. आणि वक्फ झाल्यावर घर तारण ठेवता येत नाही, म्हणजे मुलाच्या शिक्षणासाठी किंवा छतासाठी या घरावर बँकेचे कर्ज विसरायचे.

विक्रीचेही तसेच. वक्फ परत घेता येत नाही. परत घेण्याची मुभा दस्तात लिहिली तर वक्फच रद्दबातल होतो. २०१३ च्या दुरुस्तीपासून वक्फ मिळकतीची विक्री, बक्षीस, अदलाबदल आणि गहाण मुळातच निरर्थक ठरते, आणि तीस वर्षांवरचा भाडेपट्टाही. मुंबई-पुण्यात हे पुनर्विकासाच्या वेळी कळते: विकासकाला करारनामा हवा असतो आणि तो कुटुंबाच्या हातात उरलेला नसतो. विकास करायचाच तर बोर्डाने दोन-तृतीयांश बहुमताने ठराव करण्याची वाट आहे. पाडून बांधण्याची शक्यता असलेल्या इमारतीतली मिळकत वक्फ करण्याआधी हा विचार व्हायला हवा.

नोटरी आणि बोर्डाचे राहिले. २०२५ नंतर लेखी वक्फनाम्याशिवाय नवा वक्फ होत नाही, आणि घर म्हणजे स्थावर असल्याने तो दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. नोटरीचा शिक्का त्याची जागा घेत नाही. दस्तानंतर तीन महिन्यांत वक्फाची बोर्डाकडे नोंदणी करायची असते. कायद्याच्या व्याख्येत वक्फ-अलल-औलाद धर्मकार्याला दिलेल्या भागापुरता धरला आहे. म्हणून दस्तात दरवर्षी दहा टक्के मदरशाला असे लिहिले तर तेवढ्या भागाचा हिशेब बोर्ड मागेल. बोर्डाची वार्षिक वर्गणी २०२५ मध्ये सातवरून निव्वळ उत्पन्नाच्या पाच टक्क्यांपर्यंत खाली आली. पाच वर्षे इस्लाम पाळत असल्याचे दाखवण्याच्या अटीला सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ ला, राज्ये नियम करेपर्यंत, स्थगिती दिली आहे. मुलींविषयीचे कलम ३अ त्या स्थगितीत नाही.

दस्ताचे शेवटचे कलम घाईत लिहू नये. वंश खुंटल्यावर उत्पन्न कुणाला, हे नाव घेऊन आणि पर्यायासह लिहावे: अमुक यतीमखाना म्हणजे अनाथाश्रम, तो बंद झाला तर त्या तालुक्यातले गरीब विद्यार्थी. ते नसेल तर कायद्यानुसार पैसा शिक्षण आणि कल्याणाकडे जातो, पण कोणत्या गावात, हे मग वाकिफ ठरवत नाही.