विहिरीत उतरणारा 'राजीखुशीने' मरत नाही

"विहिरीत गुदमरलेल्याला वाचवायला स्वतःहून उतरलात आणि मेलात, तर घरच्यांना दमडी मिळत नाही. राजीखुशीने धोका पत्करणाऱ्याला कायदा भरपाई देत नाही. उलट त्या गडबडीत कुणाचं दार तोडलंत तर 'गरज होती' म्हणून सगळं माफ. वकिलाकडून खात्री केलेली माहिती, पुढे पाठवा."

हे माझ्या मामाने पाठवलं. त्याच्या मळ्यात विहीर आहे, पाणी उपसायला कधी कधी आत इंजिन उतरवतात. म्हणून हसून सोडता आलं नाही.

पहिल्या मुद्द्यावर तर नेमकं उलटं उत्तर देणारा निकाल आहे, आणि तोही विहिरीचाच. बेकर विरुद्ध हॉपकिन्स, इंग्लंड, 1959. विहीर साफ करायला कंत्राटदार कंपनीने पेट्रोलवर चालणारा पंप आतच लावला. धूर कोंडला, कार्बन मोनॉक्साइड साचला. कंपनीच्या मालकाने मजुरांना "मी येईपर्यंत उतरू नका" असं बजावलं होतं. तरी एक मजूर उतरला, त्याच्यामागे दुसरा. डॉक्टर बेकरना बोलावलं. अग्निशमन दल येईपर्यंत थांबा, असं लोक त्यांना सांगत होते. ते कमरेला दोर बांधून उतरले. आतल्यांसाठी काही करता येईना, वरचे लोक त्यांना ओढू लागले, तर दोर मध्येच अडकला. तिघेही गेले.

कंपनीने न्यायालयात अगदी या मेसेजसारखाच बचाव घेतला: डॉक्टरांना धोका माहीत होता, ते आपल्या मर्जीने उतरले, म्हणजे 'व्होलेंटाय नॉन फिट इन्ज्युरिया', राजीखुशीने पत्करलेल्या धोक्याची भरपाई नाही. अपील न्यायालयाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. कारण साधं आहे. धोका ठाऊक असणं वेगळं आणि "तुझ्या चुकीचा भुर्दंड मीच सोसतो" असं कबूल करणं वेगळं. हा बचाव दुसऱ्या गोष्टीवर उभा असतो, पहिलीवर नाही. आणि इथे क्रम पाहा: कंपनीचा हलगर्जीपणा आधी, माणसं अडकली नंतर, डॉक्टर आले त्याहूनही नंतर. ज्याने माणसाला गाळात ढकललं, त्यानेच काढायला आलेल्याला "तुला कुणी बोलावलं होतं?" विचारायचं, ही निव्वळ निगरगट्टपणाची हद्द. डॉक्टर बेपर्वाईने वागले, म्हणून रक्कम कमी करा, हेही न्यायालयाने मानलं नाही.

आता अर्धसत्य, नाइलाजाने. ज्याला वाचवायचं असं कुणी संकटातच नसेल, तर मेसेज बरोबर ठरू शकतो. कटलर विरुद्ध युनायटेड डेअरीज, 1933: दुधाच्या गाडीचा घोडा उधळून शेतात शिरला, तिथे कुणाच्या जिवावर बेतलं नव्हतं. तरी एक जण त्याला आवरायला गेला, जखमी झाला आणि दावा हरला. दोनच वर्षांनी हेन्स विरुद्ध हारवुडमध्ये वर्दळीच्या रस्त्यावर उधळलेले घोडे अडवणारा पोलीस मात्र जिंकला. दोन्हीकडे घोडेच, फरक रस्त्यावरच्या माणसांचा. आणि भरपाई मागायला कुणाचा तरी हलगर्जीपणा लागतोच. धोका कुणाच्याच चुकीने उभा राहिला नसेल तर मागणार कुणाकडे?

'गरज होती, सगळं माफ' हा भाग वेगळ्याच खात्यातला. वरचा बचाव चूक करणारा जखमी झालेल्याविरुद्ध वापरतो. गरजेचा बचाव स्वतः वाचवणाऱ्याला लागतो, तोही ज्याची चूकच नाही अशा तिसऱ्या माणसापुढे. समजा डॉक्टरांनी दोर मिळवायला शेजारच्या गोठ्याचं कुलूप फोडलं असतं. गोठेवाल्याची संमती नाही, दोषही नाही. मग प्रश्न एवढाच उरतो की धोका खरा आणि लगेचचा होता का, आणि त्या क्षणी शहाण्या माणसाने तेवढंच केलं असतं का. मागाहून "कुलूप फोडायची गरज नव्हती" असं दिसलं तरी बचाव कोसळत नाही, हे कोप विरुद्ध शार्पपासून (1912) ठरलेलं आहे. पण कुलुपाऐवजी अख्खा गोठा पाडला तर? शिवाय रिग्बी खटल्यात (1985) पोलिसांनी बंदुकांच्या दुकानात लपलेल्या धोकादायक माणसाला बाहेर काढायला अश्रुधुराचं नळकांडं मारलं, दुकान जळालं. नळकांडं मारण्यापुरता गरजेचा बचाव चालला. आग विझवायची सोय हाताशी न ठेवण्याच्या हलगर्जीपणाला नाही. दुकानदाराला भरपाई मिळाली. 'सगळं माफ' ते कुठे?

हे निकाल इंग्लंडचे, मान्य. आपल्याकडे अपकृत्याचा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा, एकसंध कायदा नाही, म्हणून न्यायालयं त्यांचा आधार घेतात, बंधनकारक मानत नाहीत. रस्ते अपघातापुरतं मात्र मोटार वाहन कायद्याचं कलम 134अ आहे: सद्भावनेने तातडीची मदत करताना चूक झाली तरी जखमीच्या इजेसाठी मदत करणाऱ्यावर दावा नाही. विहिरीला ते लागू नाही.

एवढं सगळं मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दोर बांधून उतरायचं, एवढंच ना?"

म्हटलं, "मामा, डॉक्टरांनीही बांधला होता."