किंडल, स्विच आणि आमचं रजिस्टर

नागपुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या नेटवर्क रूममध्ये मी नोकरी करते. खोलीत एसी फक्त सर्व्हरसाठी आहे, आम्ही आपलं त्या निमित्ताने बसतो. सत्र सुरू झालं की माझ्याकडे दोन प्रकारची मुलं येतात. एकाच्या हातात पुस्तकं वाचायचं किंडल असतं आणि चेहऱ्यावर आत्मविश्वास. दुसऱ्याच्या बॅगेत गेमिंग कन्सोल असतो आणि तो आधी दाराबाहेर उभा राहून आत कोण कोण आहे ते बघतो. अर्ज दोघांचाही एकच असतो: "माझं उपकरण कॉलेजच्या वाय-फायवर घ्या."

मोबाइल आणि लॅपटॉपला हा अर्ज लागत नाही. ते कॉलेजचा आयडी-पासवर्ड टाकून मोठ्या नेटवर्कवर येतात. त्या पद्धतीत प्रत्येकाची ओळख वेगळी तपासली जाते, पण ती तपासणी पार करायची सोय किंडलमध्ये नाही आणि निन्टेन्डो स्विच या गेमिंग कन्सोलमध्येही नाही. त्यांना फक्त नेटवर्कचं नाव आणि एक पासवर्ड एवढंच कळतं. म्हणून अशा उपकरणांसाठी आम्ही वेगळं नेटवर्क ठेवलंय. त्याचा पासवर्ड सगळ्यांना एकच, आणि दारावर यादी: ज्याचा मॅक ॲड्रेस यादीत, तो आत. हे न कळल्यामुळे पोरं आठ-आठ दिवस चुकीच्या नेटवर्कवर डोकं आपटतात. "मॅम, पासवर्ड बरोबर टाकून राहिलो, पण लागूनच नाही राहिलं." लागणारच नाही बाबा, ते दार तुझ्या किंडलसाठी नाही.

मॅक ॲड्रेस म्हणजे उपकरणाच्या वाय-फाय चिपला कारखान्यात मिळालेला नंबर. 0 ते 9 आणि A ते F यातली बारा चिन्हं, दोन-दोनच्या सहा जोड्या. उदाहरणादाखल हा बघा:

```
00:00:5E:00:53:8B
```

शेवटची जोडी 8B आहे. हाताने लिहिलेल्या अर्जात ती 88 होते, BB होते, एकदा तर 3B झाली होती. सुरुवातीच्या शून्यांच्या जागी इंग्रजी 'ओ' लिहिणारे दर सत्रात भेटतात. मॅकमध्ये 'ओ' हे अक्षर येतच नाही, त्यामुळे तो दिसला की मी मुकाट्याने शून्य करते. पण 8 आणि B दोन्ही चालतात, तिथे मला अंदाज बांधता येत नाही. एक चिन्ह चुकलं तर यादीला ते वेगळंच उपकरण वाटतं. म्हणून आता मी अर्जासोबत स्क्रीनचा फोटो मागते.

कुठल्या स्क्रीनचा, हेही सांगावं लागतं. किंडलमध्ये Settings, मग Device Options, मग Device Info. तिथे मॅकच्या शेजारीच सिरियल नंबर असतो आणि मुलं हमखास तोच उतरवतात. सिरियल सोळा चिन्हांचा, मॅक बाराचा. मोजलं की झालं. स्विचमध्ये System Settings, मग Internet, तिथेच System MAC Address लिहिलेला असतो. प्लेस्टेशनवर दोन मॅक दिसतात, एक केबलचा आणि एक वाय-फायचा. वाय-फायने यायचं असेल तर वाय-फायचाच द्या. हे वाचताना हसू येईल, पण केबलचा नंबर देऊन "तुम्ही यादीत टाकलंच नाही" असं माझ्याशी भांडून गेलेले आहेत.

आणखी एक गंमत. एका मुलाने स्विचसाठी केलेल्या अर्जातल्या नंबराचं दुसरंच चिन्ह A होतं. दुसऱ्या जागी 2, 6, A किंवा E असेल तर तो नंबर बहुधा कारखान्यातला नसतो, उपकरणाने स्वतः तयार केलेला असतो. हल्लीचे मोबाइल असं करतात: अँड्रॉइड 10 पासून आणि आयफोनमध्ये आयओएस 14 पासून प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट नंबर दाखवायची सोय आहे. स्विच हा प्रकार करत नाही. मी त्याला बोलावलं आणि विचारलं, "हा मोबाइलचा दिला ना?" तो म्हणे, "मॅम, तुम्हाले कसं कळलं बे... सॉरी, कसं कळलं?" झालं असं होतं की कन्सोल घरी वर्ध्याला, अर्जाची मुदत आज, म्हणून पठ्ठ्याने हातात होता त्याचा नंबर ठोकून दिला.

आता यवतमाळच्या एका मुलीची गोष्ट सांगते. अर्ज कसा लिहावा हे मला तिच्यामुळे कळलं. तिचं किंडल जुनं, मामाने दिलेलं. नंबर बरोबर, फोटो जोडलेला, मी यादीत टाकलं. दुसऱ्या दिवशी ती परत हजर, किंडल काही जोडेना. मी लॉग उघडला. लॉगमध्ये दोन गोष्टी दिसू शकतात. एक, उपकरणाने दार ठोठावलं आणि यादीत नाव नाही म्हणून परत पाठवलं. म्हणजे नंबर चुकला, आणि खरा नंबर तिथेच लिहिलेला सापडतो. दुसरी, उपकरणाने दार ठोठावलंच नाही. तिच्या किंडलची एकही नोंद नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुन्या किंडलना वाय-फायचा फक्त 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा ऐकू येतो, आणि तिच्या मजल्यावरच्या वाय-फायच्या डब्यावर आमच्याच कोणीतरी हे नेटवर्क फक्त 5 गिगाहर्ट्झवर चालू ठेवलं होतं. तिच्या किंडलवर ते नावच दिसत नव्हतं. ती बिचारी मोठ्या नेटवर्कच्या नावावर टिचक्या मारत बसली होती. चूक आमची होती. तिने फक्त "जोडत नाही" एवढंच न सांगता "नाव दिसतं का" हे सांगितलं असतं, तर माझा अर्धा दिवस वाचला असता. पण ते तिला विचारणं माझं काम होतं, आणि मी विचारलं नाही.

नंबर यादीत पडल्यावरही एक अडथळा उरतो. काही कॉलेजांत न नोंदवलेलं उपकरण आधी एका बंदिस्त कोपऱ्यात जातं, तिथला आयपी पत्ता घेतं, आणि मंजुरी मिळाली तरी तोच जुना पत्ता धरून बसतं. स्विचचं बटण नुसतं दाबलं तर तो झोपतो, बंद होत नाही. बटण तीन सेकंद दाबून धरा, Power Options मधून पूर्ण बंद करा आणि मग चालू करा. किंडललाही सेटिंगमधून रीस्टार्ट द्या. "मंजूर होऊनही चालत नाही" अशा तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटतात.

जोडलं तरी मित्रासोबत ऑनलाइन खेळ जुळत नाही, ही तक्रार मात्र माझ्या हातात नाही. स्विचच्या Test Connection मध्ये NAT Type म्हणून एक अक्षर येतं. A किंवा B असेल तर बरं, D आलं तर जुळणी अडते. कॉलेजात शेकडो उपकरणं एकाच बाहेरच्या पत्त्यामागे असतात, त्याचा तो परिणाम. एका मुलासाठी मी फायरवॉल उघडणार नाही. खेळ डाउनलोड कर, खोलीत बस, एकट्याने खेळ.

आता ज्या कारणासाठी ही पोस्ट लिहायला घेतली ते. आमच्या समितीत दर वर्षी एक प्रस्ताव येतो: ई-रीडर मंजूर करा, कन्सोल नको, अभ्यास बिघडतो. मी दर वर्षी विरोध करते, आणि दर वर्षी कोणीतरी मला विचारतं की मॅडम, तुम्ही स्वतः खेळता का? (खेळते. तो मुद्दा नाही.)

ही मंजुरी म्हणजे कुलूप नाही. मॅक ॲड्रेस हवेतून उघडाच जातो आणि लॅपटॉपवर दुसऱ्याचा नंबर लावता येतो, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही माहीत आहे. ही मंजुरी म्हणजे हॉस्टेलच्या गेटवरचं रजिस्टर. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार लॉग 180 दिवस जपून ठेवायचे असतात. उद्या कोणी विचारलं की अमुक वेळी अमुक पत्ता कोणाकडे होता, तर मला एक नाव सांगता आलं पाहिजे. रजिस्टरचा उपयोग तेवढा आणि तो मोठा आहे.

कन्सोल नाकारला की काय होतं ते मी बघितलंय. पोरगा लॅपटॉपवर हॉटस्पॉट चालू करतो आणि स्विच त्याच्या मागे लपवतो. माझ्या लॉगमध्ये फक्त लॅपटॉप दिसतो. विंडोजचा हॉटस्पॉट आठ उपकरणं घेतो, म्हणजे शेजारच्या तीन खोल्याही त्यावर. दुसरा पोरगा सीताबर्डीवरून स्वस्तातला राउटर आणून खोलीत लावतो. 2.4 गिगाहर्ट्झवर एकमेकांत न घुसणारे चॅनल तीनच, 1, 6 आणि 11. असे चार राउटर एका मजल्यावर लागले की त्या यवतमाळच्या मुलीचं किंडलही रडायला लागतं. कन्सोल कुठेच गेलेला नसतो, गेलेली असते ती रजिस्टरमधली नोंद.

समितीतल्यांची काळजी मला कळत नाही असं नाही. किंडलचं पुस्तक साधारण एक-दोन एमबी आणि एखादा मोठा खेळ पंधरा जीबी. संध्याकाळी दहा जणांनी असे खेळ ओढले तर दुसऱ्यांच्या व्हिडिओ लेक्चरचं वाटोळं होतं. पण त्यावर उपाय वेगाची मर्यादा हा आहे. नोंदवलेल्या कन्सोलला मी संध्याकाळी कमी वेग देऊ शकते, कारण तो कोणता ते मला माहीत असतं. लपलेल्याला नाही देता येत.

रजिस्टर खोटं झालं की कोणाला भोगावं लागतं, तेही सांगते. शेवटच्या वर्षाच्या एका मुलाने आपला कन्सोल ज्युनिअरला विकला. नोंद काढली नाही, आम्हीही मुदत घातली नव्हती. ज्युनिअरने महिनाभर मर्यादेच्या कितीतरी पुढे डाउनलोड केलं आणि नोटीस गेली सीनिअरच्या नावाने, तेव्हा तो पुण्यात नोकरीला लागून तीन महिने झाले होते. त्याच्या वडिलांचा फोन आला. "मॅडम, आमचा पोरगा तर तिथं नाहीच, तो डाउनलोड काहून करेल?" मी त्यांची माफी मागितली. तेव्हापासून प्रत्येक नोंद सत्र संपलं की आपोआप उडते आणि ज्याला हवी तो पुन्हा अर्ज करतो. उपकरण विकत असाल तर आधी नोंद काढून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. जुनं विकत घेत असाल तर विकणाऱ्याला सोबत घेऊनच या.

या वर्षीच्या अर्जात दोन रकाने वाढवलेत: "नेटवर्कचं नाव उपकरणावर दिसतं का?" आणि "जोडायचा प्रयत्न किती वाजता केला?" वेळ कळली की लॉगमध्ये शोधायला मला मिनिटही लागत नाही. समितीतल्या एका सरांनी तिसरा रकाना सुचवला होता, "उपकरणाचा शैक्षणिक उपयोग". तो मी छापायला देताना विसरले.